पाणीपट्टीत नेमकं काय वसूल करायचं?

खानदेशात ग्रामसभेत पाणीपट्टीचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली असतात. पारावरचे म्हातारे म्हणतात, "तापीमायनं पाणी, पाणीना पैसा कसाले देवाना?" आणि तालुक्याहून आलेले साहेब म्हणतात, योजना स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे, जो खर्च आला तो वापरणाऱ्यांनी भरलाच पाहिजे. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण जसंच्या तसं ऐकलं तर दोन्ही रस्ते योजना बंद पडण्याकडेच जातात. पहिल्या रस्त्याने ती वीजबिलावाचून बंद पडते, दुसऱ्याने गिऱ्हाइकावाचून. कुठला खर्च गावाने भरायचा, कुठला सरकारने आणि कुठल्या वेळी, हा हिशेबाचा प्रश्न आहे आणि तो हिशेब गावात बसून करता येतो. इथे तो पूर्ण मांडतो.

तापीकाठची दहा गावांची एक प्रादेशिक पाणीपुरवठा योजना धरू. आकडे कल्पित आहेत, पण प्रमाण अशा योजनांत दिसतं तसंच ठेवलं आहे. नदीत जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, तिथून पंपाने पाणी जलशुद्धीकरण केंद्रात, तिथून मुख्य वाहिनीने गावोगावच्या उंच टाक्यांत, आणि टाकीतून उताराने नळाला. दहा गावं मिळून ४,००० घरं, घरात सरासरी ५ माणसं. जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरचं माप ठरवलं आहे. म्हणजे घरी रोज २७५ लिटर, वर्षाला साधारण १ लाख लिटर. सगळी योजना मिळून वर्षाला ४० कोटी लिटर.

आता खर्च. जॅकवेल, पंप, केंद्र, टाक्या, पाइप सगळं मिळून १८ कोटी रुपये लागले असं धरू. हे पैसे ८ टक्के व्याजाने आणून ३० वर्षांत फेडायचे तर वर्षाला १ कोटी ६० लाखांचा हप्ता बसतो. त्याशिवाय पंपावरची माणसं, गावोगावचे व्हॉल्व्हमन, दुरुस्ती, विजेच्या बिलातला स्थिर आकार असे वर्षाला ४० लाख. हे दोन्ही मिळून २ कोटी. नळाला थेंबभर पाणी आलं नाही तरी हा खर्च होतो आणि टाक्या भरून वाहिल्या तरी एवढाच राहतो. हा स्थिर खर्च.

उरतो तो पाण्याबरोबर वाढणारा खर्च. हजार लिटर पाणी चढ आणि पाइपमधलं घर्षण धरून ११० मीटर उचलायला ०.३ युनिट वीज पुरली पाहिजे. पण पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या आसपास असते, म्हणून अर्धा युनिट लागतो. युनिटला ८ रुपये धरले तर ४ रुपये. तुरटी आणि पाणी निर्जंतुक करायच्या टीसीएल पावडरचे ५० पैसे. शिवाय वाटेत चौथा हिस्सा गळतो, म्हणजे नळाला हजार लिटर पोचवायला जॅकवेलमधून सव्वातेराशे उचलावे लागतात. सगळं धरून हजार लिटरमागे ६ रुपये. अर्थशास्त्रात याला सीमांत खर्च म्हणतात. योजना चालू आहे, अशात कुणी आणखी हजार लिटर घेतलं तर समाजाचे नेमके किती पैसे जास्तीचे गेले, हे तो सांगतो.

आता सरासरी काढा. वर्षाला २० कोटी लिटर विकलं तर हजार लिटरमागे स्थिर खर्चाचे १०० आणि विजेचे ६, मिळून १०६ रुपये. ४० कोटी विकलं तर ५० आणि ६, मिळून ५६. जेवढं जास्त पाणी जाईल तेवढी सरासरी खाली येते, आणि कितीही पाणी गेलं तरी ती ६ रुपयांच्या वरच राहते. नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात ती हीच. त्याच गल्लीतून दुसऱ्या कंपनीने दुसरा पाइप टाकला तर २ कोटींचा बोजा दोनदा होईल आणि गिऱ्हाईक तेवढंच राहील. स्पर्धेने इथे दर उतरत नाहीत, चढतात. म्हणून पुरवठादार एकच असणार हे मान्य करून पुढचा प्रश्न विचारायचा असतो: त्याने दर काय लावायचा?

पहिलं उत्तर, सीमांत खर्चाएवढा. हजार लिटरला ६ रुपये. घराला वर्षाचे ६०० रुपये, महिन्याचे ५०. या दराची बाजू भक्कम आहे. एखाद्या बाईला आणखी दोन हंडे पाणी हवं आहे, त्याची तिला असलेली किंमत ते उचलायच्या विजेपेक्षा जास्त आहे, तर तिला ते न देण्यात कुणाचाच फायदा नाही. ज्यूल द्यूप्वी या फ्रेंच इंजिनियराने १८४४ साली पुलांबद्दल हाच विचार मांडला होता. पूल बांधून झाला, आता माणूस त्यावरून चालत गेल्याने काही झिजत नाही. टोल लावला आणि चार माणसं लांबून वळसा घालून गेली, तर तेवढा फायदा निव्वळ वाया गेला. अमेरिकन अर्थतज्ज्ञ हॅरोल्ड होटेलिंग यांनी १९३८ साली रेल्वे, वीज, पाणी या सगळ्यांनाच तो लागू केला आणि सांगितलं की दर सीमांत खर्चाएवढा ठेवा, स्थिर खर्च सरकारने करातून भरावा.

अडचण उघड आहे. ६ रुपयांत फक्त वीज आणि पावडर निघते. वर्षाचे २ कोटी तसेच राहतात, म्हणजे घरामागे ५,००० रुपये. तेवढं अनुदान दर वर्षी, न चुकता आलं तर योजना चालते. एक वर्ष नाही आलं तर व्हॉल्व्हमनचा पगार थकतो, पंपाची जळालेली मोटर रिवाइंड करायला पैसे नसतात, आणि पाणी थांबतं.

दुसरं उत्तर, सरासरी खर्चाएवढा दर. ऐकायला न्याय्य वाटतं: ना नफा ना तोटा. ४० कोटी लिटरवर सरासरी ५६ रुपये, म्हणून ५६ रुपये दर ठरवला. घराचं बिल महिन्याला ४६७ रुपये. पण ४० कोटी लिटरचा खप ६ रुपये दराला धरला आहे. दर नऊपट झाल्यावर लोक तेवढंच पाणी कसं घेतील? रावेर-यावलकडे घरोघर, मळ्यामळ्यात बोअर आहेत. ज्याची बोअर आहे तो नळ फक्त प्यायला ठेवतो, धुण्याला आणि गुरांना बोअर चालवतो. ज्याची नाही तो शेजाऱ्याकडून पाइप ओढतो किंवा हापशावर जातो.

दर ५० रुपयांनी वाढला की मूळ खपाचा चौथा हिस्सा कमी होतो, असं साधं गणित धरू. ५६ रुपयांना खप ३० कोटी लिटरवर येतो. मग तेच २ कोटी ३० कोटी लिटरवर पडतात आणि सरासरी होते जवळपास ७३. दर ७३ केला की खप आणखी घटतो आणि सरासरी ८१ वर जाते. दर वर्षी दर वाढवायचा आणि दर वर्षी तोटाच दिसायचा. हे गणित शेवटी जुळतं ते १०६ रुपयांवर, तिथे खप २० कोटी लिटर, बरोबर निम्मा. घर महिन्याला ४४२ रुपये भरतं. ५६ रुपये दराने ४६७ भरून पूर्ण पाणी मिळणार असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात जवळपास तेवढ्याच पैशांत अर्धं पाणी वापरलं जातं. आणि या उदाहरणात १०६ ही शेवटची पायरी आहे. स्थिर खर्च याहून थोडा जरी जास्त असता तरी तो भरून निघेल असा दरच सापडला नसता. दर वाढवावा तर गिऱ्हाईक जास्त वेगाने सुटतं, कमी करावा तर पैसे पुरत नाहीत.

यात नुकसान किती झालं तेही मोजता येतं. २० कोटी लिटर पाणी लोकांनी सोडलं. त्यातल्या पहिल्या हजार लिटरची त्यांना किंमत १०६ रुपयांच्या किंचित खाली होती, शेवटच्याची ६ रुपये, म्हणजे सरासरी ५६. ते पुरवायला लागले असते ६. प्रत्येक हजार लिटरमागे ५० रुपयांचा फायदा हातचा गेला, एकूण १ कोटी रुपये. हे पैसे कुणाच्याच खिशात गेलेले नाहीत. पंप आहे, पाइप आहे, नदीत पाणी आहे, आणि बाई हापशावर उभी आहे, असं ते नुकसान दिसतं. त्यात भूजलाचा हिशेब धरलेलाच नाही. आधीच उपसून उपसून खोल गेलेल्या केळीच्या पट्ट्यात लोकांना नळावरून पुन्हा बोअरवर ढकलणं हे आणखी वेगळं नुकसान आहे, ते कुठल्याच योजनेच्या ताळेबंदात येत नाही.

म्हणून संपूर्ण वसुलीचा आग्रह मला पटत नाही. पण इथून होटेलिंग यांच्या बाजूला जाऊन सगळेच २ कोटी सरकारवर टाकावेत का? माझ्या मते तसंही नाही, आणि त्याचं कारण या गणितातच आहे.

समजा १८ कोटींचं भांडवल सरकारने दिलं आणि गावांकडून फक्त ४० लाखांचा चालू स्थिर खर्च आणि वीज एवढंच वसूल करायचं ठरलं. लोक दर पाहून थोडं पाणी कमी करतील हे धरून हिशेब लावला तर दर येतो साडेसोळा रुपये. खप ४० कोटींवरून जेमतेम ३८ कोटींवर येतो. महिन्याचं बिल १३१ रुपये. आणि नुकसान? लोकांनी सोडलेलं पाणी दोन कोटी लिटरच्या थोडं वर, त्यातल्या प्रत्येक हजार लिटरमागे गेलेला फायदा सव्वापाच रुपये, मिळून वर्षाला साधारण १ लाख ११ हजार. सीमांत खर्चावर चढवलेली रक्कम १०० रुपयांवरून साडेदहावर, म्हणजे दहाव्या हिश्शाच्या जवळ आली, तेव्हा नुकसान १ कोटीवरून १ लाखाच्या घरात, म्हणजे शंभराव्या हिश्शाजवळ आलं. दर चढतो तसं सोडलेलं पाणीही वाढतं आणि त्या प्रत्येक हंड्यामागचा गेलेला फायदाही वाढतो, दोन्ही एकमेकांना गुणले जातात. म्हणून नुकसान दराच्या वाढीच्या वर्गाने वाढतं. दरात थोडी भर घातली तर फारसं बिघडत नाही, सगळा बोजा दरावर टाकला तर सगळंच बिघडतं. या विषयातली सगळ्यात उपयोगी गोष्ट मला हीच वाटते, आणि ग्रामसभेतल्या भांडणात ती कधीच येत नाही.

आता अनुदानाची किंमत बघू. सरकारचा रुपया फुकट येत नाही. कर लावला की कुठेतरी व्यवहार आखडतो, वसुलीला माणसं लागतात, आणि तोच रुपया शाळेला किंवा दवाखान्याला मिळत नाही. एक रुपया गोळा करण्यात समाजाचे २० पैसे जास्तीचे जातात असं धरू. हा आकडा गृहीत आहे, पण शून्य नक्कीच नाही. भांडवलाचे वर्षाला १ कोटी ६० लाख सरकारने भरले तर त्यावर ३२ लाखांचा हा जास्तीचा बोजा. त्या बदल्यात वाचतं ते ९९ लाखांचं नुकसान. सौदा सरळ फायद्याचा आहे. पण उरलेले ४० लाखही सरकारने भरले तर जास्तीचा बोजा ८ लाख, आणि वाचणार १ लाख ११ हजार. हा सौदा तोट्याचा. करावरचा बोजा १० पैसे धरला तरी निकाल बदलत नाही.

जलजीवन मिशनची रचना २०१९ पासून बरीचशी अशीच आहे. महाराष्ट्रासारख्या राज्यात भांडवलाचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात, गावातल्या कामाच्या भांडवलात लोकांनी १० टक्के वर्गणी द्यायची, डोंगराळ, वनक्षेत्रातल्या किंवा अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून जास्त असलेल्या गावांत ५ टक्के, आणि चालू खर्च गावाने पट्टीतून भागवायचा. ज्यांनी ही विभागणी केली त्यांच्या मनात हे गणित होतं की नव्हतं, हा प्रश्न बाजूला ठेवू. विभागणी बरोबर आहे. चुकतं ते पुढे, पट्टी कशी घ्यायची आणि कमी पडलेलं कधी भरायचं, यात.

पट्टीचं आधी. साडेसोळा रुपये दराने १ लाख ११ हजारांचं नुकसान होतं, तेही टाळता येतं. ४० लाख स्थिर आहेत तर ते स्थिर पद्धतीनेच घ्यावेत: घरामागे वर्षाला १,००० रुपये, म्हणजे महिन्याला ८३. आणि पाण्याचा दर तेवढा ६ रुपये. महिन्याचं बिल १३३, पूर्ण ४० कोटी लिटर वापरलं जातं, आणि वसुली पूर्ण. अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९४६ साली होटेलिंग यांना उत्तर देताना हाच मार्ग दाखवला होता. आपल्याकडे तो त्याहून जुना आहे. धुळ्याकडे पांझरा नदीवरच्या सिंचनाच्या फड पद्धतीत बागायतदार बंधारा आणि पाटाच्या डागडुजीचा भार जमिनीच्या वाट्याप्रमाणे उचलत, पाटकऱ्याला धान्य देत, आणि पाणी मात्र पाळीने घेत. पाटातून किती पाणी वाहिलं यावर पैसा मोजलेला नव्हता, कारण उताराने वाहणाऱ्या पाण्याला जास्तीचा खर्चच नव्हता. बंधारा सांभाळायचा खर्च ज्याची जमीन त्याच्याकडून, एवढाच नियम.

स्थिर आकाराला एक खरी हरकत आहे. सालदाराच्या घराला आणि चाळीस एकर केळीवाल्याच्या घराला तेच १,००० रुपये लावणं न्यायाचं नाही, आणि गरीब घराने त्यामुळे नळच तोडला तर ८३ रुपयांसाठी आपण तिथेही नुकसानच करून घेतलं. फडाचा धडा इथेही लागू पडतो: आकार घरपट्टीच्या प्रमाणात लावावा. पत्र्याच्या घराला ४००, वाड्याला २,०००. ग्रामपंचायतीकडे घरांची आकारणी आधीच असते, नवी मोजणी लागत नाही. आणि मोठं घर तेवढ्यासाठी नळ सोडणार नाही, कारण घरपोच आरओ पाण्याचा वीस लिटरचा जार ते आज वीस-तीस रुपयांना घेतं. हजार लिटरचे हजार ते दीड हजार रुपये झाले. तापीच्या शुद्ध केलेल्या पाण्याला वर्षाचे दोन हजार भरणं त्याला परवडतं.

मीटरचा प्रश्न यातूनच येतो. अधिकारी प्रत्येक नळाला मीटर बसवण्याचा आग्रह धरतात. पण जिथे हजार लिटरला ६ रुपये लागतात तिथे मीटर काय वाचवतो? दर शून्य ठेवला, नुसता स्थिर आकार घेतला, तर याच गणिताने वापर १ कोटी २० लाख लिटरने वाढतो आणि त्यातलं खरं नुकसान वर्षाला ३६,००० रुपये. ४,००० मीटर, त्यांची झीज आणि रीडिंग घेणारा माणूस, घरामागे वर्षाला ३०० रुपये जरी धरले तरी १२ लाख. म्हणजे ३६ हजार वाचवायला १२ लाख. त्यापेक्षा प्रत्येक गावाच्या टाकीच्या तोंडाशी एक मोठा मीटर बसवा. दहा मीटर पुरतात. कुठल्या गावात गळती आहे, कुठे वाहिनीला चोरून जोड आहे, हे त्यानेच कळतं. रात्री दोन वाजता सगळं गाव झोपलेलं असताना टाकीतून पाणी जात असेल, तर ते नळाने जात नाही, जमिनीत जातं. ती एक नोंद घरोघरच्या मीटरपेक्षा जास्त पैसे वाचवते.

मात्र हे सगळं आठ-नऊ महिन्यांपुरतं खरं आहे. एप्रिल-मेमध्ये चित्र उलटतं. नदी आवर्तनावर असते, जॅकवेलपाशी पाणी कमी, वीज जाते-येते, पंप जेवढे तास चालतो तेवढंच पाणी. अशा दिवसांत पुढच्या गावाने जास्तीचं हजार लिटर घेतलं तर त्याची किंमत विजेचे ६ रुपये राहत नाही. शेवटच्या गावाच्या टाकीत तेवढं पाणी कमी पडतं, आणि ते गाव टँकर मागवतं. टँकरचं पाणी हजार लिटरला १५० रुपये पडत असेल, तर त्या दिवसांतला खरा सीमांत खर्च १५० आहे. नळाला थेट टिल्लू मोटर लावणारा माणूस ६ रुपयांचं पाणी ओढतोय असं त्याला वाटतं, प्रत्यक्षात तो शेवटच्या गावाच्या खिशातून १५० ओढत असतो. सरासरी खर्च घसरत जातो हे योजनेची क्षमता शिल्लक असेपर्यंतच खरं. क्षमता संपली की सगळे नियम बदलतात. म्हणून उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत गावाचा हिस्सा माणशी ५५ लिटरने बांधून द्यावा, टाकीच्या मीटरवर तो मोजावा, आणि त्यावर जो घेईल त्या गावाला टँकरच्या दराने आकारणी करून ते पैसे शेवटच्या गावाला द्यावेत. हेही सीमांत खर्चाचंच तत्त्व आहे, फक्त खर्चाची जागा बदललेली आहे.

कोस यांची आणखी एक हरकत होती आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. भांडवल वरून आलं की योजना करण्याजोगी आहे का, हे कुणी विचारत नाही. आमच्या कल्पित योजनेत उत्तर चांगलं आहे: सीमांत दराने पाणी दिलं तर लोकांना मिळणारा फायदा, विजेचा खर्च वजा जाता, वर्षाला ४ कोटींचा भरतो, स्थिर खर्च २ कोटींचा. करावी अशीच योजना. पण हेच गणित धडगाव-अक्कलकुव्याकडच्या सातपुड्यात नेलं तर मोडतं. तिथे गाव म्हणजे डोंगरांवर विखुरलेले पाडे. घरामागे पाइप काही पटींनी लांब, चढ जास्त, आणि पुढच्या पाड्याला जोडल्याने सरासरी खाली येण्याऐवजी वर जाते. म्हणजे मोठ्या योजनेची नैसर्गिक मक्तेदारी तिथे उरतच नाही. तिथे पाड्यागणिक झरा, विहीर आणि छोटा सौरपंपच स्वस्त पडतो. आणि तिथे चालू खर्चालाही अनुदान लागेल, कारण पाच-पंचवीस घरांवर मेकॅनिकची एक फेरीही भारी होते. ते अनुदान द्यावं आणि उघडपणे द्यावं. लोकवर्गणीची अट हीच खरं तर मागणी तपासण्याची परीक्षा होती. पण वर्गणी घराघरातून न येता कुणीतरी परस्पर भरून टाकली की परीक्षा झालीच नाही, कागदावर फक्त पास असा शेरा येतो.

आता अनुदान कधी, हा शेवटचा आणि आज सगळ्यात बिघडलेला भाग. कागदावर चालू खर्च गाव भरतं. प्रत्यक्षात पट्टी वर्षाला एकदा, घरपट्टीबरोबर, कित्येकदा दाखला हवा असेल तेव्हाच भरली जाते. वीजबिल दर महिन्याला येतं. थकबाकी साचते, कनेक्शन कापलं जातं, गावात ओरड होते, कुणीतरी मध्ये पडतं, काही रक्कम भरून वीज जोडली जाते, आणि पाच-सहा वर्षांनी थकबाकीवर सवलत जाहीर होते. हेही अनुदानच आहे, फक्त सगळ्यात महागडं. ते पाणी तुटल्यावर येतं. ते न भरणाऱ्या गावाला जास्त आणि भरणाऱ्याला शून्य मिळतं, म्हणून पुढच्या वर्षी भरणाराही हात आखडतो. आणि मधल्या काळात बंद पडलेल्या वाहिनीत हवा आणि गाळ शिरतो, पुन्हा चालू केल्यावर सांधे फुटतात, म्हणजे तोच खर्च आणखी वाढलेला असतो. सीमांत दर, सरासरी दर आणि अनुदान या तिन्हींतलं जे वाईट तेवढं या पद्धतीत गोळा झालं आहे.

याऐवजी चालू खर्चात सरकारला जे द्यायचं आहे ते वर्षाच्या सुरुवातीला, आकडा ठरवून द्यावं, आणि ते शेवटच्या गावाच्या टाकीच्या मीटरवर किती पाणी पोचलं याच्याशी बांधावं. पोचलेल्या प्रत्येक हजार लिटरला ठरलेली रक्कम, थेट वीजबिलाच्या खात्यात. पाणी नाही तर पैसे नाहीत. पैशांची तरतूद नव्हती असंही नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी पंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच राखून, ठेवला, त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्यासाठी. तो पुष्कळदा नवी टाकी, नवी पाइपलाइन यांत गेला, कारण नव्या कामाचं उद्घाटन होतं आणि वीजबिलाचं होत नाही. पाण्याच्या वाट्याचा ठरावीक हिस्सा आधी चालू खर्चाच्या तुटीला आणि मगच नव्या कामाला, एवढा एक क्रम घालून दिला तरी खूप फरक पडेल.

आणि पट्टी महिन्याला घ्यावी. वर्षाचे १,६०० रुपये एकदम मागितले की मे महिन्यात मजुरीच्या घरात ते नसतात, महिन्याचे १३३ असतात. बचत गटाच्या बायकांना वसुलीवर शेकडा काही टक्के द्यावेत, पावती हातात, आणि दर महिन्याच्या पाच तारखेला पंचायतीच्या फळ्यावर तीन आकडे लिहावेत: पट्टी किती जमली, वीजबिल किती आलं, आणि शेवटच्या गावाच्या टाकीत किती पाणी चढलं. "पाणीना पैसा कसाले" विचारणाऱ्या म्हाताऱ्याला त्या फळ्यावर हेही दिसलं पाहिजे की त्याच्याकडून पाण्याचा पैसा घेतलेला नाही. घेतले आहेत ते पाणी उचलणाऱ्या विजेचे आणि व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाच्या पगाराचे. पाइपचे आणि टाकीचे पैसे सरकारने भरले आहेत, आणि ते त्याने भरलेच पाहिजेत.